सोनं ग्रॅममध्ये लागणार की रुपयांत? नाणं, फंड आणि मोबाइलवरच्या सोन्याचा हिशेब

"सर, भिशीचे 3 लाख मिळालेत. मुलगी दहावीत आहे, आठ वर्षांत तिच्या लग्नाला सोनं लागेलच. सासूबाई म्हणतात सराफाकडून नाणी घे, भाऊ म्हणतो फंडात टाक, आणि मोबाइलवर तर दहा रुपयांपासून सोनं मिळतंय. काय घेऊ? आणि भाव कशाने हलतो ते कळलं तर कधी घ्यायचं तेही ठरवता येईल."

ताई, मी सुरुवातीची सहा वर्षं सोलापुरात एका सराफी पेढीत हिशेब लिहिला आणि त्यानंतर आजवर लोकांच्या गुंतवणुकीचं काम करतो आहे. काउंटरच्या दोन्ही बाजूंनी पाहिल्यावर माझं मत असं झालंय की नाणं की फंड हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा, की आठ वर्षांनी तुम्हाला हवं आहे ते ग्रॅममध्ये की रुपयांत? मंगळसूत्र, पाटल्या, गंठण करायचं असेल तर तुमची गरज ग्रॅममध्ये आहे. कार्यालय, जेवणं, कपडे यांसाठी सोनं मोडायचं असेल तर गरज रुपयांत आहे. या दोन गरजांना उत्तरं वेगळी येतात, ती पुढे आकड्यांनिशी दाखवतो.

आधी भाव. आपल्या सराफ बाजारात फळ्यावर जो आकडा लिहिलेला असतो तो तीन गोष्टींच्या गुणाकारातून येतो: जगातला डॉलरमधला भाव, रुपयाचा दर आणि आयात शुल्क. जगात सोनं औंसावर विकलं जातं. एक औंस म्हणजे 31.1 ग्रॅम. समजा औंसाला 3,000 डॉलर भाव आहे आणि डॉलर 85 रुपयांना आहे. मग दहा ग्रॅमचे होतात साधारण 82,000 रुपये. त्यावर 6 टक्के शुल्क धरलं की 86,900. तुम्ही विकत घेता तेव्हा वर 3 टक्के जीएसटी. आता जगातला भाव तसाच राहिला आणि डॉलर फक्त 90 रुपयांवर गेला, तर तेच दहा ग्रॅम 92,000 होतात. सोनं जागचं हललं नाही, तरी तोळ्यामागे पाच हजार वाढले. (तोळा खरं तर 11.66 ग्रॅमचा, पण आज पेढीवर तोळा म्हटलं की दहा ग्रॅमच धरतात.)

हा गुणाकार लक्षात ठेवला की जुन्या गोष्टी उलगडतात. सप्टेंबर 2011 मध्ये जगात सोनं 1,900 डॉलरपर्यंत गेलं आणि डिसेंबर 2015 मध्ये 1,050 च्या आसपास आलं. म्हणजे जवळजवळ 45 टक्क्यांची पडझड. आपल्याकडे मात्र भाव 28 हजारांच्या आसपासवरून 25 हजारांच्या आसपास आला, एवढंच. कारण त्याच काळात डॉलर 46-48 रुपयांवरून 66 वर गेला आणि 2012-13 या दोन वर्षांत सरकारने आयात शुल्क पायरीपायरीने 10 टक्क्यांवर नेलं. "सोनं कधी पडत नाही" असं आपल्याकडची जुनी माणसं ठामपणे म्हणतात, त्यामागे बऱ्याच अंशी रुपयाची ही घसरण आहे.

शुल्काचा दोर उलटाही ओढला जातो. 23 जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात शुल्क 15 टक्क्यांवरून 6 वर आलं. जगात त्या दिवशी फारसं काही घडलं नव्हतं, पण आपल्या वायदे बाजारात दहा ग्रॅममागे सुमारे चार हजार रुपये एका दिवसात उतरले. आदल्या आठवड्यात नाणी घेतलेले माझ्या ओळखीतले एक जण दुसऱ्या दिवशी फोनवर अक्षरशः रडवेले झाले होते. नाणं घ्या, फंड घ्या की मोबाइलवर घ्या, हा फटका सगळ्यांना सारखाच बसतो. त्यातून सुटायचा मार्ग एकच, सगळी रक्कम एका दिवशी न घालणं.

आता डॉलरमधला भाव कशाने हलतो? सोनं व्याज देत नाही. म्हणून अमेरिकेत महागाई वजा जाता चांगलं व्याज मिळत असेल तर मोठे गुंतवणूकदार सोनं सोडून तिथल्या रोख्यांकडे जातात, आणि ते व्याज शून्याकडे आलं की सोन्याकडे परततात. ही चाल कित्येक वर्षं बरीच भरवशाची होती. 2022 नंतर तिच्यात दुसरी एक गोष्ट मिसळली. फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर पाश्चात्त्य देशांनी रशियाची परकीय गंगाजळी गोठवली. डॉलर आणि युरो असे एका निर्णयाने अडकू शकतात हे इतर देशांनी पाहिलं, आणि 2022, 2023, 2024 अशी सलग तीन वर्षं जगभरच्या मध्यवर्ती बँकांनी मिळून दरवर्षी हजार टनांहून जास्त सोनं घेतलं. खाणींतून वर्षाला साधारण साडेतीन हजार टनांच्या पुढे-मागे सोनं निघतं, आणि भाव वाढला म्हणून ते झटकन वाढवता येत नाही. त्यामुळे अमेरिकेत व्याज चढं असूनही सोनं वर गेलं, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये त्याने 4,000 डॉलर ओलांडले.

या यादीत आपली लग्नसराई कुठेच नाही, हे मुद्दाम सांगतो. तुळशीच्या लग्नानंतर भाव वाढणार म्हणून धावपळ करणारे दरवर्षी भेटतात. इथल्या मागणीने फार तर स्थानिक भाव आयातीच्या खर्चापेक्षा थोडा वर किंवा खाली जातो. आंतरराष्ट्रीय भाव त्याने ठरत नाही. गुरुपुष्यामृताला वेढणी घेण्याचा आनंद जरूर घ्या, पण तो भावाचा मुहूर्त नाही. आणि अमेरिकेचं व्याज किंवा रुपयाचा दर पुढच्या सहा महिन्यांत कुठे असेल हे मला कळत नाही, तुम्हालाही कळणार नाही. म्हणून "कधी" या प्रश्नाला माझं उत्तर हप्ते हेच आहे.

आता तीन पर्याय. हिशेब सोपा राहावा म्हणून दहा ग्रॅमचा भाव जीएसटीशिवाय एक लाख धरतो. आजचा आकडा काहीही असला तरी टक्के तेच राहतील.

दहा ग्रॅमचं चोख नाणं घेतलं तर भावावर नाण्याची घडणावळ लागते, ती 3 टक्के धरू. झाले 1,03,000. त्यावर 3 टक्के जीएसटी, म्हणजे तुमच्या खिशातून गेले 1,06,090. दुसऱ्याच दिवशी ते मोडायला गेलात आणि सराफाने 2 टक्के कापले, तर हातात 98,000. आठ हजारांची तूट घेण्याच्या दिवशीच ठरली. भाव सव्वाआठ टक्के वाढल्यावर तुम्ही जिथे होतात तिथे परत येता.

मोबाइलवरच्या सोन्यात घडणावळ नाही, पण जीएसटी आहे, आणि घेण्याचा व विकण्याचा भाव वेगवेगळा असतो. तो फरक तुम्ही स्वतः मोजू शकता: एकाच मिनिटाला Buy आणि Sell हे दोन्ही पडदे उघडून आकडे कागदावर लिहा. समजा घेण्याचा भाव दीड टक्का वर आणि विकण्याचा दीड टक्का खाली असेल, तर 1,04,545 देऊन घेतलेल्या सोन्याचे लगेच 98,500 येतात. सहा हजार गेले.

फंडाचा सौदा निराळा आहे. शेअर बाजारात विकल्या जाणाऱ्या गोल्ड ईटीएफमध्ये फंडवाले किमान 99.5 टक्के शुद्धतेचं सोनं तिजोरीत ठेवतात आणि तुमच्या डीमॅट खात्यात त्याची युनिटं येतात. घेताना तुम्हाला जीएसटी नाही. दलाली आणि घेण्या-विकण्याच्या भावातला फरक मिळून प्रत्येक वेळी अर्धा टक्का धरा. मात्र फंड दरवर्षी खर्च कापतो, तोही अर्धा टक्का धरू. म्हणजे नाण्याचा खर्च एकदाच आणि आधी, फंडाचा थोडा थोडा आणि कायम. हा खर्च वेगळा मागितला जात नाही, फंडातल्या सोन्यातूनच वजा होतो. त्यामुळे तुमच्या एका युनिटमागचं सोनं वर्षागणिक किंचित कमी होत जातं. पासबुकात हे कुठे लिहिलेलं नसतं, पण घडतं ते असंच.

आता हेच 1,06,090 रुपये आठ वर्षांसाठी दोन्हीकडे लावून पाहू, आणि भाव दुप्पट होऊन दहा ग्रॅमला दोन लाख झाला असं धरू.

फंडात सुरुवातीला साधारण 10.56 ग्रॅमचं सोनं येईल. आठ वर्षांच्या खर्चानंतर त्यातलं 10.14 ग्रॅम उरेल. विकून सुमारे 2,01,800 मिळतील. नफा साधारण 95,700, त्यावर दीर्घ मुदतीचा 12.5 टक्के कर म्हणजे जवळपास 12,000 (सेस सोडून). हातात 1,89,800. नाणं सराफाकडे मोडलं तर 1,96,000 मिळतील, कर जाऊन 1,84,700 च्या आसपास. रुपयांत पाहिलं तर फंड पाच हजारांनी पुढे आहे. आठऐवजी दोनच वर्षांत मोडायची वेळ आली तर तो याहूनही पुढे असेल, कारण नाण्याची आठ हजारांची तूट तर पहिल्याच दिवशी बसलेली आहे. शिवाय लॉकरचं भाडं मी यात धरलेलंच नाही.

पण दागिना करायचा असेल तर चित्र उलटतं. फंडाच्या त्या 1,89,800 मधून सोनं घ्यायला गेलात की वर 3 टक्के जीएसटी. म्हणजे प्रत्यक्ष सोनं येणार 9.2 ग्रॅम. नाणं मात्र अजून दहा ग्रॅमच आहे. ते मोडू नका. सराफाला सांगा की हे माझं सोनं, यातून दागिना घडवून द्या. मग विक्री झालीच नाही, म्हणून नफ्यावर कर नाही, आणि जीएसटी लागतो तो फक्त घडणावळीवर, 5 टक्के. दहा ग्रॅम चोख सोन्यातून 22 कॅरेटचं जवळजवळ 10.9 ग्रॅम होतं, त्यातून कारागिराची घट जाते. घट किती धरणार ते आधी चिठ्ठीवर लिहून घ्या. दागिना हातात आला की त्यावर हॉलमार्क आणि सहा अक्षर-अंकी क्रमांक आहे का ते पाहा, आणि तो क्रमांक BIS Care ॲपमध्ये टाकून तपासा.

इथे एक अडचण आहे, ती आधीच सांगतो. सगळे सराफ असं घडवून द्यायला राजी नसतात. त्यांना तुमचं नाणं जमा करून तयार दागिना विकायचा असतो. तसं केलंत तर जीएसटी पूर्ण नव्या दागिन्यावर 3 टक्क्यांनी लागतो, आणि नाणं दिलं म्हणजे कायद्याने ती विक्रीच झाली. म्हणून नाणं घेण्याआधीच ज्या पेढीत दागिना करणार आहात तिथे विचारा: तुमच्याकडचं नाणं पुढे आणलं तर घडवून द्याल का, घट किती, आणि मोडलंच तर कापणार किती? जो तिन्ही उत्तरं बिलाच्या मागे लिहून देईल त्याच्याकडून घ्या.

नाण्यांत लोक फसतात ते बहुधा वजनात. एक-एक ग्रॅमची नाणी परवडतात म्हणून दर महिन्याला घेतात, पण त्यांवर घडणावळ 3 नाही, 6 ते 10 टक्क्यांपर्यंत जाते. दहा ग्रॅम जमेपर्यंत तीन ते सात हजार जास्तीचे गेलेले असतात. दुसरा फटका माझ्या घरातलाच आहे. माझ्या चुलत भावाने एका बँकेतून आठ ग्रॅमची चार नाणी घेतली. भाव सराफापेक्षा बराच जास्त होता, पण बँक म्हणजे खात्री, असं त्याने धरलं. चार वर्षांनी वडिलांच्या ऑपरेशनला पैसे लागले तेव्हा तो त्याच शाखेत गेला, तर उत्तर मिळालं की बँकेला नाणी परत घेता येत नाहीत. तसा नियमच आहे, पण विकताना त्याला तो कोणी सांगितला नव्हता. मग सराफ बाजारात तीन दुकानं फिरला. पाकीट फोडलेलं, बिल सापडत नव्हतं. मशीनवर कस पूर्ण आला तरी कापाकापी झालीच. नाण्याचं पाकीट फोडू नका आणि बिल नाण्यासोबतच ठेवा, हे मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो.

मोबाइलवरच्या सोन्याबद्दल मी स्पष्टच बोलतो: तुमच्या तीन लाखांतला एक रुपयाही तिथे नको. फरकाचे सहा टक्के हे एक कारण झालं. मोठं कारण असं, की त्यावर लक्ष ठेवणारी यंत्रणा नाही. शेअर बाजार आणि फंडांवर देखरेख करणाऱ्या सेबीने नोव्हेंबर 2025 मध्ये लोकांना जाहीरपणे सावध केलं की असं डिजिटल सोनं तिच्या नियमांखाली येत नाही आणि काही बिघडलं तर गुंतवणूकदाराला तिचं संरक्षण मिळणार नाही. ज्या ॲपवर तुम्ही घेता ते बहुतेक वेळा फक्त दुकानाचा दरवाजा असतं, सोनं दुसऱ्याच कंपनीच्या नावे साठवलेलं असतं. कंपनी चांगली असेलही, पण आठ वर्षांच्या कामाला मला कायद्याचा आधार हवा. आधीच थोडं घेतलेलं असेल तर साठवणुकीची मोफत मुदत किती आणि नाणं मागवलं तर घडणावळ व टपालखर्च किती, ते अटींमध्ये वाचा आणि हळूहळू मोकळे व्हा.

ईटीएफ घेताना एकच गोष्ट सांभाळा. काही ईटीएफमध्ये रोजची उलाढाल फार कमी असते, आणि धनत्रयोदशीसारख्या दिवशी लोक तुटून पडले की युनिट आतल्या सोन्याच्या किमतीपेक्षा महाग विकलं जातं. फंडाच्या संकेतस्थळावर iNAV नावाचा आकडा दिवसभर दिसतो, ती युनिटमागच्या सोन्याची चालू किंमत. बाजारातला भाव त्याहून अर्ध्या टक्क्यापेक्षा वर असेल तर त्या दिवशी घेऊ नका, आणि ऑर्डर नेहमी आपला भाव टाकूनच लावा. डीमॅट नको असेल तर गोल्ड फंड असतो. तो पुढे ईटीएफच घेतो, म्हणून त्यात दोन्हींचा खर्च लागतो. कर मात्र 12.5 टक्क्यांनी हवा असेल तर ईटीएफ वर्षाहून जास्त आणि गोल्ड फंड दोन वर्षांहून जास्त ठेवावा लागतो. नाण्यालाही दोन वर्षांचीच अट आहे.

भाऊ कदाचित सरकारी सुवर्ण रोख्यांचं नावही काढेल. वर्षाला अडीच टक्के व्याज देणारे ते रोखे फार चांगले होते, पण फेब्रुवारी 2024 नंतर नवे निघालेले नाहीत. जुने बाजारात मिळतात, पण बरेचदा सोन्याच्या भावापेक्षा महाग, आणि मुदतपूर्तीला कर न लागण्याची सवलत बाजारातून घेणाऱ्याला मिळते का हे तुमच्या कर सल्लागाराला विचारल्याशिवाय त्यात शिरू नका.

तर तुमचे तीन लाख. मुलीला दोन तोळ्यांचे दागिने नक्की करायचे आहेत असं तुम्ही मला सांगितलंत, तर मी दहा-दहा ग्रॅमची दोन नाणी घ्यायला सांगेन. दोन्ही एकाच दिवशी नाही, मध्ये पाच-सहा महिने जाऊ द्या. वरच्या भावाने त्यांचे होतात सुमारे 2,12,000. उरलेले 88,000 बचत खात्यात ठेवून वर्षभर दर महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला सात-सव्वासात हजारांचा ईटीएफ घ्या. तो लग्नाच्या रोख खर्चासाठी किंवा मध्ये अडचण आली तर मोडण्यासाठी. विकल्यावर पैसे साधारण पुढच्या कामाच्या दिवशी खात्यात येतात, सराफाच्या दारात घासाघीस करावी लागत नाही. घरात चोरीची भीती असेल आणि लॉकर नसेल, तर एकच नाणं घ्या आणि बाकी सगळं ईटीएफमध्ये ठेवा. आठ वर्षांचं लॉकरभाडं दुसऱ्या नाण्याचा फायदा खाऊन टाकतं.

आणि मधल्या वर्षांत भाव वीस टक्क्यांनी पडला तर घाबरून त्या दोन नाण्यांना हात लावू नका. दोन तोळ्यांचे दागिनेही तेव्हा तेवढेच स्वस्त झालेले असतील, तुमचं काहीच कमी झालेलं नसेल. नजर ठेवायची ती ईटीएफच्या पैशांवर, कारण कार्यालयवाला भाडं रुपयांत मागणार आहे. लग्नाला दीड वर्ष उरलं की त्यातलं थोडं थोडं विकून मुदत ठेवीत टाकायला लागा.